रजा शिल्लक किती? एकाच नियमातून ४७ आणि ३९ कशी निघते

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ऑफिसातल्या गप्पांमध्ये रजेचा विषय पुन्हा वर आला. आता १८० दिवस भरले की पगारी रजा मिळणार, ३० दिवसांच्या वरची रजा विकता येणार, असं प्रत्येकाने कुठे ना कुठे वाचलेलं असतं. मग माणूस स्वतःची पगारपत्रिका उघडतो. तिथे 'ईएल शिल्लक : २३.५' असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा आकडा आला कुठून, हे त्याला सांगता येत नाही. बऱ्याचदा एचआरलाही सांगता येत नाही, कारण आकडा एक्सेलमधून आलेला असतो आणि ती एक्सेल बनवणारा माणूस दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला असतो.

तो हिशेब ठेवावा कसा आणि तो नेमका कुठे घसरतो, ते इथे बघू. डोळ्यांसमोर पुण्या-नाशकातलं तीस-चाळीस माणसांचं ऑफिस आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो. मोठ्या कंपन्यांकडे सॉफ्टवेअर असतं. त्यांचा गोंधळ थोडा वेगळा, त्याकडे शेवटी येऊ.

आधी रजा कोणती ते ठरवू

नैमित्तिक रजा म्हणजे सीएल. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ती वर्षाला आठ दिवस आहे, तिमाहीला खात्यात पडते आणि वर्ष संपलं की संपते. पुढे नेणं नाही, विकणं नाही. तिच्यात फारसं डोकं घालावं लागत नाही.

भांडणं होतात ती अर्जित रजेवरून. कुणी तिला ईएल म्हणतं, कुणी पीएल. ही काम करून कमावलेली रजा असते, म्हणून ती साठते, पुढच्या वर्षात जाते आणि तिचे पैसेही होतात. यापुढे 'रजा' म्हटलं की हीच समजा.

कायद्याचा मूळ हिशेब सोपा आहे. १९४८ चा, आता रद्द झालेला कारखाने कायदा असो, महाराष्ट्राचा २०१७ चा असो की त्या चारांपैकी रजेची नवी संहिता, म्हणजे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची संहिता, तिन्हीकडे दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा आहे. पात्रतेसाठी कारखाने कायद्यात वर्षाला २४० दिवस भरावे लागायचे, महाराष्ट्राच्या कायद्यातही २४० लागतात, नव्या संहितेत १८० पुरतात. पुढे नेण्याची मर्यादा कारखाने कायद्यात ३० होती, महाराष्ट्राच्या कायद्यात ४५ आहे आणि नव्या संहितेत ३०. संहितेतली तरतूद 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे, व्यवस्थापकीय पदावरचे लोक त्यात येत नाहीत. त्यामुळे एकाच ऑफिसात दोन माणसांना दोन नियम लागू शकतात. तेव्हा रजेचं एक्सेल पत्रक बनवताना ३०, ४५ किंवा महिन्याला जमा होणारे १.५ हे आकडे फॉर्म्युल्याच्या पोटात घालू नका. एका वेगळ्या पानावर, स्वतंत्र चौकटीत लिहा आणि फॉर्म्युल्याला ती चौकट दाखवा.

दरमहा जमा हा कंपनीचा नियम, कायद्याचा नव्हे

कारखाने कायद्यात रजा वर्षभराच्या कामावर मोजली जायची आणि पुढच्या वर्षी मिळायची, महाराष्ट्राच्या कायद्यातही तसंच आहे. पण नव्या माणसाला 'वर्षभर थांब' सांगणं अवघड. म्हणून बहुतेक कंपन्या दरमहा थोडी थोडी रजा जमा करतात. वर्षाला १८ दिवस द्यायचे असतील तर महिनाअखेरीला दीड दिवस.

यात एक गोष्ट तपासायची राहून जाते. वर्षात साधारण २८० दिवस काम झालं असेल तर वीसाला एक या दराने १४ दिवस होतात. कंपनी महिन्याला दीड देत असेल तर १८ होतात, प्रश्न मिटला. पण सोपं पडतं म्हणून महिन्याला एकच देत असेल तर १२ होतात, म्हणजे कायद्यापेक्षा दोन कमी. डिसेंबरअखेरीस प्रत्येक माणसाचे कामाचे दिवस भागिले वीस करून, जमा झालेली रजा त्याहून कमी तर नाही ना, एवढं बघावंच लागतं.

दुसरा घोळ पूर्णांकाचा. वर्षाला १५ दिवस म्हणजे महिन्याला सव्वा. 'सव्वा दिवस कोण घेणार' म्हणून कुणीतरी दरमहा तो एक करून टाकतं, आणि वर्षाला तीन दिवस गायब होतात. दीड केला तर उलट तीन दिवस फुकट जातात. खात्यात अपूर्णांक तसाच राहू द्यावा. माणसाला रजा अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचीच द्या, पण शिल्लक १३.७५ दिसली म्हणून काही बिघडत नाही.

बिनपगारी रजेचा महिनाही ठरवून ठेवावा लागतो. महिनाभर कामावर नसलेल्या माणसाला दीड दिवस जमा करायचा का? बाळंतपणाच्या रजेचं उत्तर कायद्यात आहे, आणि ते थोडं वळणाचं आहे : ते दिवस पात्रतेचे २४० किंवा १८० भरण्यासाठी धरले जातात, पण त्या दिवसांवर नवी रजा कमावली जात नाही. याहून जास्त देणं कंपनीच्या हातात आहे. काहीही ठरवा, पण लिहून ठेवा.

शिल्लक लिहायची नाही, काढायची

रजेच्या पत्रकात सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे शिल्लकेची चौकट. माणसाचं नाव, समोर १७. त्याने दोन दिवस रजा घेतली की १७ खोडून १५. महिनाअखेरीला १५ खोडून १६.५. सहा महिन्यांनी तो विचारतो, 'माझे तीन दिवस कुठे गेले?' आणि कुणाकडेच उत्तर नसतं, कारण आधीचे आकडे खोडलेले असतात.

बँकेच्या पासबुकात कुणी शिल्लक खोडून नवी लिहीत नाही. तिथे जमा आणि नावे अशा नोंदी होतात, शिल्लक त्यांची बेरीज असते. रजेचं खातंही तसंच ठेवायचं. एका पानावर फक्त नोंदी : तारीख, कर्मचारी क्रमांक, प्रकार आणि दिवस. जमा अधिक चिन्हाने, घेतलेली रजा, विकलेली रजा आणि लॅप्स झालेली रजा उणे चिन्हाने. चुकीची नोंद झाली तर ती पुसायची नाही, उलटी नोंद करून दुरुस्त करायची.

नोंदींच्या पानाला `Ledger` नाव दिलं, त्यात A मध्ये तारीख, B मध्ये क्रमांक आणि D मध्ये दिवस असतील, तर दुसऱ्या पानावर शिल्लक काढायला एवढंच लागतं :

```
=SUMIFS(Ledger!D:D, Ledger!B:B, A2, Ledger!A:A, "<="&$F$1)
```

`A2` मध्ये कर्मचारी क्रमांक आणि `F1` मध्ये तारीख आहे. आजची टाकली तर आजची शिल्लक, ३१ मार्च टाकली तर ३१ मार्चची. 'माझे तीन दिवस कुठे गेले' याचं उत्तर तारीख मागे-पुढे करून दोन मिनिटांत मिळतं.

४५ ची मर्यादा नेमकी कधी लावायची?

आता शीर्षकातल्या आकड्यांकडे. समजा नियमात एवढंच वाक्य आहे : 'अर्जित रजा जास्तीत जास्त ४५ दिवस साठवता येईल.' एका बाईंची १ जानेवारीची शिल्लक ३८ आहे. महिन्याला दीड दिवस जमा होतो. वर्षभर त्यांनी रजा टाकली नाही, कारण नोव्हेंबरात घरात लग्न आहे, तेव्हा एकदम नऊ दिवस घ्यायचे आहेत.

पहिल्या ऑफिसात मर्यादा वर्षअखेरीला लावतात. ३८ अधिक १८, उणे ९, म्हणजे ३१ डिसेंबरला ४७. पंचेचाळीस पुढे जातात, वरचे दोन दिवस उरतात.

दुसऱ्या ऑफिसात पत्रक बनवणाऱ्याने दरमहा जमा करतानाच 'पंचेचाळीसच्या वर जाऊ देऊ नको' असा फॉर्म्युला घातला आहे. एप्रिलअखेर ४४ होतात. मेमध्ये ४५.५ व्हायला हवेत, पण ४५ वर अडकतात, अर्धा दिवस गेला. जून ते ऑक्टोबर पाच महिने दरमहा दीड दिवस जमाच होत नाही, साडेसात गेले. नोव्हेंबरात नऊ दिवस रजा घेऊन महिन्याचा दीड मिळतो, ३७.५ होतात. डिसेंबरअखेर ३९.

माणूस तोच, काम तेवढंच आणि नियमाचं वाक्यही तेच, पण आठ दिवसांचा फरक. आणि दुसऱ्या ऑफिसात ते आठ दिवस लॅप्स झाल्याची कुठेच नोंद नाही, कारण ते कधी जमाच झाले नाहीत. बाईंना पत्ताही लागत नाही.

माझ्या मते वर्षअखेरीची पद्धतच बरोबर. कारखाने कायद्याची भाषा 'पुढच्या वर्षात नेण्याची' होती, म्हणजे मर्यादेचा प्रश्न वर्ष ओलांडतानाच येतो. दरमहा मर्यादा लावायचीच असेल तर तसं धोरणात स्पष्ट लिहा, आणि अडकलेला प्रत्येक अर्धा दिवस 'लॅप्स' म्हणून नोंदवा, म्हणजे निदान दिसेल तरी.

वर्षअखेरीला क्रमही महत्त्वाचा. आधी डिसेंबरची जमा, मग डिसेंबरात घेतलेल्या सगळ्या रजा, मग विक्री, आणि शेवटी मर्यादा. वरच्याच बाईंची डिसेंबरची जमा होण्याआधी शिल्लक ४५.५ होती. तेव्हाच मर्यादा लावली तर अर्धा दिवस कापून ४५ होतात, आणि मग डिसेंबरचा दीड जमा झाला की १ जानेवारीला खातं ४६.५ ने उघडतं. नव्या वर्षाची सुरुवातीची शिल्लक मर्यादेच्या वर दिसली, की क्रम उलटा झाला हे लगेच ओळखावं.

तसंच ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी खातं बंद करायची घाई करू नये. ३० आणि ३१ ला रजेवर असलेल्याचा अर्ज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो. तोवर वरचे दोन दिवस विकून पैसे दिले असतील, तर उशिरा आलेल्या अर्जाने शिल्लक ४३ वर येते, जी ४५ असायला हवी होती. आठ-दहा दिवस थांबून, ३१ डिसेंबर ही तारीख घालूनच शेवटच्या नोंदी कराव्यात.

पण मर्यादा हवीच कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. कमावलेली रजा आहे, साठू द्या की. मालकाची अडचण अशी, की रजा जुन्या पगारावर कमावली जाते आणि विकली जाते आजच्या पगारावर. दिवसाला ८०० रुपये मिळत असताना साठवलेला दिवस, पगार १,२०० झाल्यावर १,२०० रुपयांचा होतो. मर्यादा नसेल तर दर पगारवाढीला हे देणं आपोआप फुगत जातं.

कर्मचाऱ्याच्या बाजूने उलटा प्रश्न आहे : मी रजा मागितली, साहेबांनी दिली नाही, आणि वर्षअखेरीला लॅप्स झाली असं म्हणतात, हे कसं? इथे कायदा त्याच्या बाजूने उभा आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात, पंधरा दिवस आधी अर्ज करूनही रजा नाकारली, तर ४५ च्या वरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क मिळतो. कारखाने कायद्यात रीतसर मागून नाकारलेल्या रजेला पुढे नेण्याची मर्यादाच नव्हती. नव्या संहितेने तर ३० च्या वरची रजा विकण्याचा हक्कच दिला आहे.

याचा पत्रकाशी थेट संबंध येतो. बहुतेक पत्रकांत फक्त मंजूर रजा नोंदवतात. नामंजूर अर्ज व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि तिथेच विरतो. अर्ज कधी आला, कोणत्या दिवसांसाठी होता आणि नाकारला कधी, हे तीन रकाने नसतील तर वर्षअखेरीला कोणती रजा खरोखर लॅप्स होते आणि कोणत्या रजेचे पैसे द्यायला लागतात, हे ठरवताच येत नाही. कर्मचाऱ्यानेही रजा तोंडी मागू नये. ईमेल टाकावा.

रजा विकली तर दिवसाचे पैसे किती?

महिन्याचा पगार भागिले किती, यावर सगळं आहे. रजेच्या हिशेबात धरायचा पगार ३१,२०० असेल आणि २६ ने भागला तर दिवसाला १,२०० येतात. ३० ने भागला तर १,०४०. दोन दिवसांना २,४०० की २,०८०, हा वाद तेव्हाच होतो जेव्हा भाजक लिहिलेला नसतो. साप्ताहिक सुट्टी सोडून महिन्यात २६ कामाचे दिवस धरायचे आणि रजाही कामाच्या दिवसांचीच मोजायची, हे मला जास्त सरळ वाटतं. पण एक कुठलातरी ठरवा आणि बिनपगारी रजेचा पगार कापतानाही तोच वापरा. कापताना २६ आणि देताना ३० करणारी ऑफिसं आहेत, आणि तिथल्या लोकांना ते कळत नाही असं समजू नये.

नोकरीत असताना रजा विकली तर मिळणारी सगळी रक्कम करपात्र आहे, पगारासारखीच. निवृत्त होताना किंवा नोकरी सोडताना मिळाली तर करातून सूट आहे. खासगी नोकरीत तिची आयुष्यभराची कमाल मर्यादा आधी ३ लाख होती, १ एप्रिल २०२३ पासून २५ लाख झाली आहे. त्याखेरीज दहा महिन्यांचा सरासरी पगार आणि वर्षाला तीस दिवस अशा दुसऱ्या मर्यादाही आहेत, सगळ्यात कमी रक्कम करमुक्त.

शिल्लक उणे गेली तर? इशारा कधी द्यायचा?

नवा माणूस १ जुलैला लागला. महिनाअखेरीला दीड दिवस जमा. २० ऑगस्टला त्याने नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गावी जायला सहा दिवसांची रजा मागितली. आज त्याच्या खात्यात फक्त १.५ आहे. बाळबोध पत्रक लगेच लाल होतं : 'शिल्लक अपुरी'. हा इशारा खोटा आहे, कारण नोव्हेंबर येईपर्यंत ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे साडेचार दिवस जमा होणार आहेत. दीड आणि साडेचार मिळून बरोबर सहा. मग हिरवा?

तोही खोटाच. याच माणसाची सप्टेंबरातली दोन दिवसांची रजा आधीच मंजूर आहे. आज ती खर्ची पडलेली नाही म्हणून शिल्लकेत दिसत नाही, पण नोव्हेंबरात पोचेपर्यंत ते दोन दिवस गेलेले असतील. म्हणजे रजा संपताना शिल्लक उणे दोन असेल.

इशारा द्यायचा तो आजच्या शिल्लकेवर नव्हे, रजेच्या दिवशी जी शिल्लक असेल तिच्यावर. C मध्ये आजची शिल्लक, D मध्ये शेवटची जमा झाल्याची तारीख, E मध्ये रजेचा पहिला दिवस, F मध्ये मंजूर पण अजून न घेतलेले दिवस, G मध्ये आता मागितलेले आणि `B1` मध्ये महिन्याची जमा ठेवली, तर :

```
=C2+((YEAR(E2)-YEAR(D2))*12+MONTH(E2)-MONTH(D2)-1)*$B$1-F2-G2
```

D मध्ये ३१ जुलै आणि E मध्ये ९ नोव्हेंबर असेल तर कंसात ३ येतात, म्हणजे मधल्या तीन महिनाअखेरी. उत्तर उणे दोन. F मध्ये ह्या रजेनंतरच्या मंजूर रजा मात्र धरू नका. नोव्हेंबर मंजूर करताना डिसेंबरातली आधीच दिलेली रजा बुडते का, ते तिच्या तारखेसाठी पुन्हा हिशेब मांडून वेगळं बघावं लागतं.

उणे दोन म्हणजे लगेच नकार असं नाही. त्याच माणसाचे नोव्हेंबर आणि डिसेंबरचे तीन दिवस जमा झाले की वर्षअखेर तो अधिक एकवर येतो. दोन दिवसांची उसनवारी आहे, महिन्या-दीड महिन्यात फिटते. म्हणून इशारे दोन ठेवावेत. उणे तीनपर्यंत पिवळा : साहेबांनी जाणूनबुजून सही करावी. त्याखाली लाल : जास्तीचे दिवस बिनपगारी. तीन हा आकडा दोन महिन्यांच्या जमेएवढा आहे. त्यापेक्षा मोठी उसनवारी फिटायला वेळ लागतो.

खरी अडचण येते ती उणे शिल्लक असताना माणूस राजीनामा देतो तेव्हा. फुल अँड फायनलमध्ये दोन दिवसांचे पैसे कापले जातात आणि तो म्हणतो, 'रजा तर तुम्हीच मंजूर केली होती.' त्याचंही बरोबर आहे. आगाऊ रजेचे पैसे नोकरी सोडताना वळते होतील हे नेमणूकपत्रात किंवा निदान पिवळ्या इशाऱ्याच्या वेळच्या मंजुरीत लिहिलेलं हवं, त्याची सही हवी. पगाराशिवाय गैरहजेरी आणि मंजूर झालेली आगाऊ रजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, खात्यात त्यांना एकच नाव देऊ नये.

आमच्याकडे सॉफ्टवेअर आहे, ते करतंच की सगळं

करतं, पण तुम्ही सांगाल तसं. जमा महिन्याच्या सुरुवातीला की अखेरीला, मर्यादा दरमहा की वर्षअखेर, इशारा आजच्या शिल्लकेवर की रजेच्या तारखेवर, भाजक २६ की ३०, हे सेटिंगच्या पानावर कुणीतरी एकदा टिक करून ठेवलेलं असतं. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या मुलाने, तेही घाईत. पडताळायला एक खोटं कर्मचारी खातं उघडा, ३८ शिल्लक टाका, बारा महिने दीड-दीड जमा करा आणि नोव्हेंबरात नऊ दिवस घ्या. ३९ आले तर मर्यादा दरमहा लागते आहे, आणि गेल्या काही वर्षांत किती जणांची शिल्लक अडकली ते जुन्या नोंदींतून काढावं लागेल.

कर्मचाऱ्याला हे पान दिसत नाही. त्याच्या हातात पगारपत्रिका असते. डिसेंबर आणि जानेवारीच्या दोन पत्रिका शेजारी ठेवाव्यात. डिसेंबरची अखेरची शिल्लक आणि जानेवारीची सुरुवातीची यांत फरक असेल तर तो विकलेल्या किंवा लॅप्स झालेल्या रजेएवढाच असला पाहिजे. आणि वर्षभरात कुठल्याही महिन्यात जमेच्या रकान्यात दीडऐवजी शून्य किंवा अर्धा दिसला, बिनपगारी रजा घेतलेली नसताना, तर त्या महिन्याचं खातं छापून मागावं.